विषय बदला, मग उत्तर द्या

मे महिन्यात सोसायटीच्या मेलवर टँकरची चर्चा सुरू होते. विषयाच्या जागी लिहिलेलं असतं ‘टँकर – मे’. किती फेऱ्या झाल्या, बिल कोणी भरलं, खालच्या टाकीत पाणी किती, असे आठ-दहा मेल जातात. मग कोणीतरी त्याच मेलला ‘रिप्लाय’ मारून लिफ्टच्या आवाजाची तक्रार करतं. पुढचा गच्चीच्या गळतीवर येतो. चौदाव्या मेलमध्ये एक जुने खजिनदार चार शब्द लिहितात, ‘सिडकोची कॉपी सापडली, जोडतोय’, आणि खाली Scan0007.pdf नावाची फाइल लटकवतात. वर विषय अजून तोच, ‘टँकर – मे’.

हे उदाहरण मी रचलेलं आहे. पण वसई, नालासोपारा किंवा विरारमधल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरीला ते ओळखीचं वाटेल. त्या चौदाव्या मेलमधला कागद साधा नाही. 1990 पासून पुढची सुमारे वीस वर्षं वसई-विरार पट्ट्याचं नियोजन सिडकोकडे होतं. महानगरपालिका झाली 3 जुलै 2009 रोजी. त्यामुळे नव्वदीतल्या इमारतीची बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा सिडकोच्या शिक्क्याचा असतो. मूळ कागद बिल्डरकडे, बिल्डरचा पत्ता नाही, आणि सोसायटीचं कपाट तळमजल्यावर. जुलै 2018 मध्ये इथल्या किती तळमजल्यांत पाणी होतं ते सगळ्यांना आठवतं. अशा वेळी कोणाच्या तरी मेलमध्ये पडलेला स्कॅन हीच शिल्लक राहिलेली प्रत असू शकते. तिच्या डोक्यावर टँकरचं नाव असेल, तर ती घरात असूनही हरवलेली आहे.

दोन वर्षांनी नवी कमिटी मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची तयारी करते. वकील परवानगीची प्रत मागतात. नवा सेक्रेटरी मेलमध्ये ‘सिडको’ शोधतो आणि हाती काहीच लागत नाही. कारण मजकुरात ‘सिडको’ हा शब्द नाही, ‘सिडकोची’ आहे. जीमेलचा शोध सहसा पूर्ण शब्द जुळवतो, शब्दाचा तुकडा नाही. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे मराठीत लिहिलेला मेल शोधताना हा फटका इंग्रजीपेक्षा जास्त बसतो. ‘परवानगी’ शोधावं, तर लिहिणाऱ्याने ‘कॉपी’ म्हटलेलं. फाइलच्या नावात क्रमांकाशिवाय काही नाही. शोधायला एकच खात्रीची जागा उरली होती, विषयाची ओळ, आणि तिथे टँकर बसलेला.

इथे एकाच माणसाने दहा सेकंद खर्च करायला हवे होते, जुन्या खजिनदारांनी. त्यांच्या मेलचा विषय असा असता तर काम तिथेच संपलं असतं:

```
Subject: सिडको बांधकाम परवानगी – स्कॅन प्रत (आधीचा विषय: टँकर – मे)
```

या ओळीत दोन भाग आहेत आणि दोन्ही कामाचे आहेत. पहिला भाग पुढे शोधणाऱ्यासाठी आहे. त्यात मूळ शब्द प्रत्ययाविना लिहिलाय: ‘सिडको’, ‘परवानगी’, ‘स्कॅन’. कंसातला भाग आज वाचणाऱ्यासाठी आहे. हा मेल कुठून फुटला हे त्याला कळतं, आणि मागची चर्चा हवी असेल तर ती कुठल्या नावाखाली आहे तेही कळतं. इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांत `was:` लिहून हीच पद्धत चालत असे. आपल्याकडे तर ती त्याहून जुनी आहे. पालिकेला किंवा उपनिबंधकांना पत्र लिहिताना आपण वर ‘विषय’ लिहितो आणि त्याखाली ‘संदर्भ’ म्हणून आधीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख देतो. नवं प्रकरण जुन्या पत्राच्या विषयाखाली कोणी ढकलत नाही. तसं केलं तर आवक विभागातला कारकून ते भलत्याच टेबलावर पाठवेल, हे माहीत असतं. सोसायटीच्या लेटरहेडवर ही शिस्त काटेकोर पाळणारी माणसं मेलवर ती सोडून देतात, याचा मला खरंच राग येतो. कारण लेटरहेडवरच्या पत्राची निदान एक प्रत फायलीत लागते. मेलची फाइल म्हणजे तीच एक ओळ.

आता ही ओळ बदलली की आत काय होतं ते पाहू. प्रत्येक मेलला पाठवतानाच स्वतःचा एक ओळखक्रमांक मिळतो. तुम्ही उत्तर देता तेव्हा तुमच्या मेलच्या मथळ्यात, नेहमी न दिसणाऱ्या भागात, ज्याला उत्तर दिलं त्याचा क्रमांक जातो. त्या ओळींची नावं `In-Reply-To` आणि `References`. म्हणजे मेलला दोन नाती असतात. एक या क्रमांकांचं, दुसरं विषयाच्या ओळीचं. जीमेल दोन्ही बघतो. विषय बदलला की तो मेल जुन्या साखळीतून निघून नवी साखळी सुरू करतो. नुसतं `Re:` किंवा `Fwd:` पुढे लागल्याने विषय बदलला असं तो धरत नाही. विषय कोणी बदललाच नाही, तरी शंभर मेलच्या पुढे गेल्यावर जीमेल साखळी स्वतःच तोडतो. मग एकाच नावाच्या दोन साखळ्या तयार होतात आणि ‘टँकर – मे’ शोधणाऱ्याला गळती कुठल्या भागात आहे तेही कळत नाही.

थंडरबर्डसारखे काही प्रोग्रॅम मात्र क्रमांकांचं नातं मोठं मानतात. तिथे विषय बदललेला मेल जुन्या साखळीखालीच दिसतो, फक्त नाव वेगळं. आपल्याला हवं तेच हे आहे: नाव शोधता येतं आणि मूळही तुटत नाही. पण यातूनच एक चूक होते. नवीन प्रकरणाचा मागच्याशी काहीही संबंध नसताना केवळ सगळ्यांचे पत्ते तयार मिळतात म्हणून लोक जुना मेल उघडतात, ‘रिप्लाय ऑल’ दाबतात, विषय पुसतात आणि गणेशोत्सवाची वर्गणी लिहितात. जीमेलवाल्याला ते नवं दिसेल, पण दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वर्गणी टँकरच्या पोटात जाईल, कारण क्रमांक मागचाच गेला. संबंध असेल तर उत्तर देऊन विषय बदला. संबंध नसेल तर कोरा मेल उघडा.

संगणकावर जीमेलमध्ये उत्तर लिहिताना विषयाची ओळ दिसत नाही, म्हणून बहुतेकांना वाटतं की ती बदलताच येत नाही. उत्तराच्या चौकटीत वर डावीकडे बाणाशेजारी छोटा त्रिकोण असतो. तो दाबला की `Edit subject` येतं. मोबाइलवर उत्तराची खिडकी पूर्ण उघडली की विषय दिसतो, त्यावर बोट ठेवून लिहायचं. विषय बदलल्यावर खाली चिकटलेला जुना मजकूरही कापा. नाहीतर प्रत्येक नव्या मेलच्या शेपटीत टँकरची सगळी चर्चा पुन्हा जाते आणि ‘टँकर’ शोधलं की गळतीचे, लिफ्टचे, परवानगीचे सगळे मेल समोर येतात. उत्तरासाठी लागतील तेवढ्या दोन ओळी ठेवायच्या, बाकी काढायच्या.

विषय नेमका कधी बदलायचा? प्रत्येक वळणाला नाही. टँकरच्या चर्चेत कोणी म्हणालं की ड्रायव्हरने गेटचा खांब घासला, तर ते टँकरचंच आहे. मी एक प्रश्न विचारते: पुढच्या वर्षी हा मेल शोधणारा माणूस कुठला शब्द टाइप करेल? तो जुन्या विषयात असेल तर राहू द्या, नसेल तर बदला. कमिटीत दोन मतं असतील तर बदलणाऱ्याच्या बाजूने निकाल द्यावा. आणि जुन्या साखळीत एक ओळ टाकावी, ‘गळतीबद्दल यापुढे “गच्ची गळती – बी विंग” या नावाने लिहावे’, म्हणजे अर्धे लोक इकडे आणि अर्धे तिकडे असं होत नाही.

एका ठिकाणी मात्र विषयाला हात लावू नये. बँक, वीज कंपनी किंवा कुठलंही तक्रार केंद्र तुम्हाला उत्तर पाठवतं तेव्हा विषयात तक्रार क्रमांक असतो. तो क्रमांक वाचून अनेक ठिकाणची यंत्रणा तुमचं उत्तर योग्य तक्रारीला जोडते. तो पुसला की तुमची तक्रार नवी धरली जाऊ शकते आणि रांग पुन्हा पहिल्यापासून. सोसायटीत चर्चा करायला तोच मेल पुढे पाठवताना आपला विषय खुशाल लिहा, पण कंपनीला उत्तर देताना त्यांचीच ओळ ठेवा.

विषयात काय लिहायचं, तेही जरा थांबून ठरवायला हवं. ‘महत्त्वाचे’, ‘अर्जंट’, ‘कालच्या मीटिंगबद्दल’ या शब्दांवरून कोणालाच काही सापडत नाही. काल म्हणजे कधीचा काल? वस्तू, जागा आणि महिना-वर्ष, एवढं पुरतं: ‘लिफ्ट दुरुस्ती – ए विंग – जून 2024’. कागद जोडताना त्यावर छापलेला शब्दही विषयात घ्या. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्याआधीच्या कागदांवर ‘जि. ठाणे’ आहे. कागदासमोर बसलेला माणूस ‘ठाणे’ शोधणार आणि कमिटीतला तरुण ‘पालघर’. जुन्या आदेशाचा मेल पाठवताना दोन्ही नावं लिहिली तर दोघांनाही सापडतो. लिपीचंही तसंच आहे. अर्धी सोसायटी `OC` टाइप करते आणि अर्धी ‘भोगवटा’. दोन्ही शब्द एका ओळीत मावतात.

आणि जे आधीच ‘टँकर – मे’खाली गाडलं गेलंय, त्याचं काय? पाठवलेल्या मेलचा विषय नंतर बदलत नाही. पण शोध थोडा हुशारीने करता येतो. कोणाकडून आलं आणि साधारण कधी, हे आठवत असेल तर शब्दाची गरजच नाही. खजिनदारांनी पावसाच्या आधी पाठवलं होतं, एवढं आठवलं तरी पुरे. ‘पत्ता’च्या जागी त्यांचा मेल पत्ता भरायचा:

```
from:पत्ता has:attachment after:2021/05/01 before:2021/07/01
```

जीमेल इथेही पूर्ण साखळी उघडून दाखवतो, म्हणून मिटलेले मेल एकेक उघडून जोडलेली फाइल पाहावी लागते. सापडली की ती उतरवून तिला नाव द्या, `CIDCO_Parvangi.pdf` असं काहीतरी. तोच मेल योग्य विषय लिहून आणि नव्या नावाची फाइल जोडून सोसायटीच्या खात्यावर पुढे पाठवा, कोणाच्या खासगी खात्यावर नाही, कारण कमिटी बदलते तेव्हा खासगी खातं बाहेर जातं. नव्या मेलवर आजची तारीख पडणार, म्हणून परवानगीची मूळ तारीख आणि क्रमांक मजकुरात हाताने लिहा. आणि हे वकिलांचा फोन यायच्या आधी करा.