यातले तात्या कोणते?

दुसऱ्याच्या नावानं लिहिणं हा माझा धंदा. सभ्य भाषेत याला शब्दांकन म्हणतात. एसटीतून आगारप्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या तात्यांकडे एका दिवाळी अंकानं आठवणी मागितल्या आणि तात्यांनी मला बोलावलं. अट एकच : "वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, मीच लिहिलंय."

"मग तुमचं जुनं लिखाण द्या," मी म्हणालो. तात्यांनी पिशवीच पुढे केली.

सगळ्यात वर होतं निरोप समारंभाचं भाषण. 'जीवनरूपी महामार्गावर' अशी सुरुवात होती. भाषण लिहिलं होतं हेडक्लार्कनं, तात्यांनी फक्त वाचलं. त्याखाली कॉलेजच्या अंकातला बक्षीसपात्र निबंध, 'निसर्ग माझा सखा'. तात्यांना याचा भारी अभिमान. पण विशीतले तात्या मराठीच्या सरांना खूश करायला लिहीत होते. मला हवे होते सत्तरीतले, कुणालाच खूश न करणारे तात्या.

मग कारणे दाखवा नोटिसांचा गठ्ठा. या अस्सल तात्यांच्याच, पण 'आपणांस कळविण्यात येते की' हा आवाज माणसाचा नसतो, खुर्चीचा असतो. त्या खुर्चीवर कुणीही बसला की तसाच बोलतो.

वर्तमानपत्रात छापून आलेल्या पत्रांची कात्रणं जास्त फसवी. विषय तात्यांचा, राग तात्यांचा, पण उपसंपादकानं निम्मं कापलेलं आणि मुद्रितशोधकानं 'केलं'चं 'केले', 'गेलं'चं 'गेले' केलेलं. एका पत्राची हस्तलिखित प्रत सापडली, ती कात्रणाशेजारी ठेवून पाहिली. तात्यांनी शेवटी लिहिलं होतं, "असो. खड्डा अजून आहे." छापताना तेवढंच गाळलेलं. म्हणजे तात्या होते, तेच कापलं!

तळाशी रबरबँड लावलेली आंतर्देशीय पत्रं होती, मुलीला हॉस्टेलवर धाडलेली. "ती कशाला? घरगुती आहेत," तात्या ओशाळले. मी नेमकी तीच उचलली. नमुना निवडताना मी सुंदर काय ते बघत नाही. माणूस कुणाशी बोलतोय आणि लिहून झाल्यावर त्यावर आणखी कुणाचा हात फिरलाय का, एवढंच बघतो. आठवणी म्हणजे घरच्या माणसाला सांगितलेल्या गोष्टी, आणि आंतर्देशीय पत्रात तात्या तेच करत होते. त्यातही वेगवेगळ्या मनःस्थितीतली चार घेतली : एक रागाचं, एक कौतुकाचं, एक आजारपणातलं, एक नुसतंच हालहवाल विचारणारं. सगळी रागाचीच घेतली असती, तर तात्या पूर्ण लेखभर हॉर्न वाजवत बसले असते.

एका पत्रात होतं, "गाडी चुकली तर चुकली. पुढची येते. रडायचं कशाला? आणि हो, खिडकीशी बसू नकोस, काच लागत नाही." पेन्सिल घेऊन बसलो. वाक्यं चार-पाच शब्दांची, विशेषणाला बंदी, प्रश्न विचारायचा पण उत्तराला थांबायचं नाही. माया आहे, पण ती काचेआडून.

लेखकाची ओळख अशाच किरकोळ शब्दांत लपते. अमेरिकेतल्या 'फेडरलिस्ट' लेखांपैकी बारा लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ सालच्या पुस्तकात अशाच बारक्या, बिनमहत्त्वाच्या शब्दांची मोजदाद करून मॅडिसनच्या बाजूनं सोडवला. भारदस्त शब्द विषयाबरोबर बदलतात. बारके शब्द हाताला चिकटलेले असतात.

तात्यांचा असा शब्द 'आणि हो'. पण तो पत्रात एकदाच येतो, तोही शेवटाकडे, जिवाची गोष्ट सांगायची असते तेव्हा. हे प्रमाण नाही पाळलं तर नक्कल होते. दर परिच्छेदात 'आणि हो' घातला असता, तर लेख तात्यांचा नव्हे, गॅदरिंगमध्ये तात्यांचं सोंग काढणाऱ्या कंडक्टरचा वाटला असता.

मसुदा झाल्यावर परीक्षा घेतली. पत्रांतले दोन उतारे आणि माझा एक, तिन्ही एकसारखे टाइप करून तात्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना दिले आणि विचारलं, यातला तात्यांचा नसलेला कोणता? काकूंनी चष्मा लावून माझ्याच उताऱ्यावर बोट ठेवलं.

"शब्द बरोबर आहेत हो," काकू म्हणाल्या, "पण यात ते माझा सल्ला ऐकतायत."

वाक्यांची लांबी मोजता येते. माणूस काय करणार नाही, ते नमुन्यात न लिहिलेल्या जागी असतं. पत्रं पुन्हा चाळली. तात्या सगळीकडे सल्ला देत होते, घेत कुठेच नव्हते. उतारा बदलला : सल्ला काकूंनी दिला, तात्यांनी उलटंच केलं, आणि पुढे काय झालं ते सांगायचं टाळून "असो" म्हणून मोकळे झाले. या वेळी काकूंचं बोट तिन्ही उताऱ्यांवर फिरून नुसतंच परत आलं.

अंक निघाला. तात्यांनी लेख दोनदा वाचला, समाधानानं मान डोलावली. मी हळूच मानधनाचा विषय काढला.

"कसलं मानधन?" तात्या म्हणाले. "सगळं मीच तर लिहिलंय. आणि हो, पिशवी तेवढी परत आणून द्या."