दिलगिरी, गळतीसह

घरमालकाशी फोनवर कडाक्याचे भांडण झाल्यावर भाडेकरूने पाठवायची दिलगिरी साधारण एका रात्रीनंतर तयार होते. त्याआधी लिहिलेली दिलगिरी हा भांडणाचाच पुढचा भाग असतो आणि तिच्यात ‘पण’ फार लवकर येतो. दोन दिवसांनी लिहिली तर उपयोग नसतो, कारण तोवर मालकाने सगळा प्रकार आपल्या मेहुण्याला सांगितलेला असतो आणि मेहुणा वकिलाला ओळखत असतो.

उदाहरणादाखल कोथरूडमधली दोन बेडरूमची एक सदनिका घेता येईल. भाडे महिना 22,000 रुपये, करार 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, मालक नाशिकला मुलाकडे. बाथरूमच्या छतावर आधी पिवळसर डाग उमटला, मग पोपडे सुटले, मग थेंब पडू लागले आणि तेही नेमके गीझरवर. भाडेकरूने रविवारी दुपारी अडीच वाजता फोन केला. मालक नाशिकला राहत असले तरी त्यांची वामकुक्षी पुण्याचीच होती, त्यामुळे संभाषण सुरू होण्यापूर्वीच निम्मे बिघडले होते.

“आम्ही पंधरा वर्षं राहिलो त्या घरात, एक थेंब गळला नाही,” असे मालक म्हणाले. “मग हा थेंब काय आम्ही टेम्पोतून सामानाबरोबर आणला?” असे भाडेकरूने विचारले. इथून पुढे ‘काका’चे ‘अहो मिस्टर’ झाले. भाडेकरूने महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 बाहेर काढला, मालकाने पोलीस पडताळणीचा कागद काढला, आणि फोन ठेवण्यापूर्वी भाडेकरूच्या तोंडून दोन वाक्ये गेली : “या महिन्याचं भाडं विसरा” आणि “असलं घर नकोच, सोडतो.” मालक म्हणाले, “खुशाल सोडा.”

दिलगिरीचे खरे काम या दोन वाक्यांपाशी असते. आवाज चढला याबद्दलची माफी सोपी असून ती एका ओळीत मागून मोकळे होता येते. भाडे देणार नाही, हे वाक्य मात्र मालकाच्या लक्षात राहते, कारण गळतीच्या सगळ्या प्रकरणात त्याच्या बाजूचे असे तेवढे एकच असते. भाडे थकले की विषय छताचा राहत नाही, थकबाकीचा होतो आणि अनामत रकमेकडे सरकतो. घर सोडण्याचे वाक्यही तसेच. बहुतेक करारांत एका महिन्याची पूर्वसूचना लागते, काहींत ठरावीक महिने घर सोडताच येत नाही. रागात दिलेली ही ‘पूर्वसूचना’ मालकाला सोयीची वाटली, तर सोमवारी सकाळी एजंट नवे गिऱ्हाईक घेऊन दारात उभा राहू शकतो. म्हणून दोन्ही वाक्ये नाव घेऊन मागे घ्यावी लागतात. ‘झाल्या प्रकाराबद्दल’ असे मोघम लिहिले तर काय मागे घेतले, ते कोणालाच कळत नाही. ‘आपल्याला वाईट वाटले असल्यास’ हा प्रकार त्याहून वाईट, कारण त्यात वाईट वाटण्याची जबाबदारीही मालकावरच पडते.

कायद्याचेही स्पष्टीकरण लागते. भाडेकरूने फोनवर सुनावलेले कलम 14 खोटे नव्हते. करारात उलट काही ठरले नसेल, तर घर राहण्याजोगे ठेवणे हे त्यानुसार मालकाचे काम आहे. निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. अडचण एवढीच की हे कलम भाडेकरूसाठी आहे, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा मनुष्य भाडे भरत असला, ‘भाडेकरू पाहिजे’ या जाहिरातीतून आलेला असला आणि सोसायटीच्या फलकावर ‘भाडेकरू’ म्हणूनच लटकत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो परवानाधारक असतो. त्याने कलम 14 सुनावणे म्हणजे शेजाऱ्याच्या सायकलची पावती दाखवून आपली सायकल सोडवणे. त्याच्या कामाचा कागद म्हणजे स्वतःचा नोंदणीकृत करार. अशा करारात बहुधा असे असते की, नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून इतर नुकसान राहणाऱ्याने भरून द्यावे. वरून गळणारे पाणी खालच्याच्या वापरात बसवणे कठीण असते.

यानंतर येते गळती स्वतः. मालकाला खरी भीती असते ती खर्चाची, आणि ‘तुमचं छत गळतंय’ हे ऐकून त्याला अख्खी इमारत दिसू लागते. त्यामुळे पाणी नेमके कुठून येते, हे स्पष्टीकरणात सांगावे. दिवसरात्र एकाच गतीने थेंब पडत असतील तर बहुधा पाण्याचा पाइप फुटलेला असतो. पावसातच ओल वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत बघावी, आणि ते काम सोसायटीचे. सकाळी वरच्यांच्या अंघोळी आटोपल्यावर गळती वाढून दुपारी थांबत असेल, तर संशय वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपवर किंवा लाद्यांच्या सांध्यांवर जातो. खात्री करण्यासाठी प्लंबर वरच्या नहाणीत रंगीत पाणी ओततो आणि खाली त्याच रंगाचा थेंब येण्याची वाट बघतो. या सदनिकेत गळती अंघोळींच्या वेळा पाळत होती. म्हणजे दुरुस्ती वरच्या सदनिकेच्या मालकाची होती, आणि नाशिकचे काका व कोथरूडचा भाडेकरू हे एकाच बाजूचे दोन लोक परस्परांवर ओरडत होते. फक्त सोसायटीला आणि वरच्या मालकाला पत्र द्यायचे, तर सभासद म्हणून काकांनीच द्यायला हवे. भाडेकरूचे पत्र सेक्रेटरी वाचतात, पण फायलीला लावत नाहीत.

तयार झालेला संदेश असा होता :

“नमस्कार काका. काल फोनवर माझा आवाज चढला, त्याबद्दल माफी मागतो. भाडे देणार नाही आणि घर सोडतो, ही दोन्ही वाक्ये रागात बोललो, ती मागे घेतो. भाडे नेहमीप्रमाणे पाच तारखेला जमा होईल. बाथरूमचे छत गळते आहे हे मात्र तसेच आहे. सकाळी सात ते नऊ पाणी पडते, दुपारी थांबते. प्लंबरच्या मते वरच्या नहाणी ट्रॅपमधून येत असावे. तीन दिवसांचे फोटो सोबत आहेत. पाणी गीझरवर पडत असल्याने त्याचा स्विच बंद ठेवला आहे. सोसायटीला आपण पत्र दिलेत तर वर तपासणी होईल. मजकूर लिहून पाठवू का? काकूंना नमस्कार.”

‘मात्र’ या संदेशात एकदाच आले आहे आणि माफी संपल्यावर आले आहे. दुरुस्तीचे पैसे कोण देणार, हे मुद्दाम लिहिलेले नाही. उत्साहाच्या भरात ‘वाटल्यास खर्च मी करतो’ असे लिहिणारे भाडेकरू आढळतात. मालक त्यातले ‘वाटल्यास’ कधीच वाचत नाहीत. काकूंना नमस्कार हा शिष्टाचार वाटतो, पण संदेश प्रत्यक्षात काकूच मोठ्याने वाचून दाखवतात.

मालकाचे उत्तर सहसा जोडलेल्या हातांचे एक चित्र असते. त्याचा अर्थ माफी मंजूर, दुरुस्ती विचाराधीन, असा घ्यावा. थोड्या वेळाने ‘मजकूर पाठवा’ आले तर काम मार्गी लागले. ट्रॅप बदलल्यावर छत पूर्ण वाळेपर्यंत रंग काढू नये, नाहीतर नवे पोपडे सुटतात. तोवर काका रंगाचा विषय काढत नाहीत. तो निघतो घर सोडताना, अनामत रकमेतून एक महिन्याचे भाडे ‘रंगकामासाठी’ कापताना, आणि तेव्हा हा संदेश व ते फोटो फोनमध्ये असावे लागतात.