कोनाकडचा रे भो?

यावल तालुक्यात उमेदवार खुर्चीत बसायच्या आधीच अर्धी मुलाखत उरकलेली असते. ‘कोन गावचा? कोनाकडचा?’ असं विचारलं की भालोद, न्हावी, साकळी असं एखादं गाव निघतं, गावातून मामा निघतो आणि मामा ओळखीचा निघाला की पोरगा हुशार दिसायला लागतो. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या गटांच्या भरतीतून मुलाखतच काढून टाकली, ती बहुधा अशाच मामांना कंटाळून. पण केळीच्या पॅकिंग शेडवर सुपरवायझर निवडायचा तर माणसाशी बोलावंच लागतं, आणि ते काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं होतं.

म्हणून सगळ्यांना तेच चार प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे ठरवले. कोणत्या उत्तराला किती गुण, हेही आधीच लिहून ठेवलं. एक प्रश्न असा: संध्याकाळी कंटेनर निघायचाय, निम्म्या पेट्या भरल्यात आणि एका फणीत पिवळं पडलेलं केळ दिसलं. काय कराल? पिकणारं फळ इथिलीन सोडतं आणि शेजारच्या हिरव्या केळ्यांनाही पिकायला लावतं, हे इथल्या पोरांना शिकवावं लागत नाही. ‘मालकाला फोन लावतो’ याला १ गुण. ‘ती फणी काढून टाकतो’ याला ३. फणी काढून, ती कोणत्या बागेतली हे पाहून, त्याच बागेच्या भरलेल्या पेट्या पुन्हा उघडणाऱ्याला ५.

एक उमेदवार इतका गोड बोलला की पेन आपोआप ५ कडे सरकलं. मी टिपून घेतलेलं त्याचं उत्तर पाहिलं तर त्यात फक्त फोन होता. दुसरा अडखळत, थांबत बोलला, पण पेट्या उघडण्यापर्यंत पोचला.

माझ्यासोबत शेडवरचे जुने नाना होते. आम्ही आपापले गुण आधी लिहायचे आणि मग तोंड उघडायचं, असं ठरलं होतं. नाहीतर नाना बोलले की माझे गुण त्यांच्या मागे चालू लागले असते. गोड बोलणाऱ्याला त्यांनी ५ दिले, मी १. दोघांत एवढं अंतर पडलं की उत्तर पुन्हा वाचायचं. वाचून नाना १ वर आले, पण रुसले. ‘मंग आमची पारख काय कामाची?’

प्रश्न रास्त होता. ‘पारखता म्हणजे नेमकं काय पाहता?’ मी विचारलं. नाना म्हणाले, ‘फनी कुठं धरतो ते. दांड्याला धरनारा कामाचा. केळाला धरनारा डाग पाडतो.’

ही पारख कागदावर बसणारी होती. त्यामुळे प्रत्येकाला एक पेटी भरायला लावली आणि तिचेही गुण ५ ठेवले. गोड बोलणाऱ्याने फणी अगदी अलगद, दांड्याला धरून उचलली. तिथे त्याला ५ मिळाले, तरी एकूण बेरजेत तो दुसराच राहिला. नानांनी ती बेरीज दोनदा तपासली.