मा. नमुना तक्रार अर्ज यांस खुले पत्र

प्रति,
मा. नमुना तक्रार अर्ज,
मुक्काम: दहावीच्या मार्गदर्शकातले पत्रलेखनाचे पान, तसेच कचेरीबाहेरच्या झेरॉक्सवाल्याचा संगणक

विषय: आपल्या कृपेने नळाला पाणी न आल्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की आपले काम उत्तम चालले आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुले आपल्याला पाठ करतात, परीक्षेत उतरवतात, गुण घेतात आणि मोठी झाली की पाण्यासाठी पुन्हा आपलाच आधार घेतात. परीक्षक खूश होतात. नळ मात्र कोरडाच राहतो, कारण त्याने आपल्याला वाचलेले नसते.

आपले कर्तृत्व लोकांसमोर यावे म्हणून हिंगोली तालुक्यातले नरसी नामदेव निवडले आहे. कयाधू नदीकाठचे हे गाव. गाव खरे आहे. तक्रार, गल्ली आणि तक्रारदार मी उदाहरणासाठी रचले आहेत, म्हणजे आपल्यासारखेच. समजा, या गावातल्या एका गृहस्थाने आपल्याला समोर ठेवून अर्ज केला. तो असा होईल:

«प्रति, मा. मुख्याधिकारी साहेब, नगरपालिका, नरसी नामदेव.
विषय: पाणि येत नसल्या बाबत.
महोदय, वरिल विषयास अनुसरून विनंती पूर्वक अर्ज सादर करतो कि, आमच्या गल्लीत बऱ्याच दिवसांपासून पाणी पुरवठा नियमीत होत नाही. पाणी दुषीत येते. महिलांचे अतोनात हाल होत आहेत. नागरीक त्रस्त आहेत. तरी साहेबांनी त्वरीत लक्ष घालुन योग्य ती कारवाई करावी हि नम्र विनंती.
आपला विश्वासु, समस्त गावकरी.»

आता हा अर्ज एखाद्या गुरुजींकडे तपासायला दिला, तर ते लाल पेन काढतील आणि तेरा ठिकाणी खुणा करतील. त्यांचे चुकणार नाही. शासनाने १९६२ साली मान्य केलेले चौदा आणि १९७२ साली त्यांत घातलेले चार, असे अठरा नियम त्यांच्या पाठीशी आहेत. या अर्जापुरते त्यांतले दोन आणि शब्द जोडून लिहिण्याचा एक संकेत पुरतो.

पहिला: मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा. म्हणून पाणी, विश्वासू, की, ही. ‘आणि’ आणि ‘नि’ हे अपवाद, शिवाय ‘परंतु’, ‘तथापि’ अशी संस्कृतातून जशीच्या तशी आलेली अव्यये.

दुसरा नियम सगळ्यांना फसवतो. शेवटचे अक्षर अकारान्त असेल, तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ होतो: वरील, गरीब, सुरळीत, घालून. पण शब्द संस्कृतातून तसाच आला असेल, तर त्याचे मूळ रूप राहते. म्हणून नियमित, त्वरित आणि नागरिक ऱ्हस्व. एकाच अर्जात ‘पुरवठा नियमित व सुरळीत करावा’ असे लिहायचे म्हणजे एकदा ऱ्हस्व, लगेच दीर्घ, आणि दोन्ही बरोबर! ‘दुषीत’ने तर दोन्हीकडून मार खाल्ला आहे, मूळ शब्द ‘दूषित’.

आणि तो संकेत: जोडून लिहायचे ते जोडूनच लिहायचे. नसल्याबाबत, विनंतीपूर्वक, पाणीपुरवठा.

झाल्या तेरा दुरुस्त्या. अर्ज आता निर्दोष. गुरुजी पेनाला टोपण लावतील आणि आपण, महोदय, मिशीत हसाल. कारण आपला खरा अपराध गुरुजींच्या लाल पेनाला दिसतच नाही.

नरसी नामदेवला नगरपालिका नाही. तिथे ग्रामपंचायत आहे. मुख्याधिकारी हे पद नगरपरिषदेत असते, नगरपंचायतीत असते. गावात असतात सरपंच, आणि ज्यांना लोक अजून ग्रामसेवक म्हणतात ते ग्रामपंचायत अधिकारी. त्यांच्या वर पंचायत समितीचे गटविकास अधिकारी. आपण मात्र नगरपालिकेखेरीज कुणाला ओळखतच नाही. शुद्धलेखनात पैकीच्या पैकी गुण मिळवलेला हा अर्ज अस्तित्वात नसलेल्या कार्यालयातल्या, अस्तित्वात नसलेल्या साहेबांकडे जाईल. अशा अर्जाला उत्तर न देणे हे कुणाही साहेबांना सहज जमण्यासारखे आहे.

ज्यांचा जन्म याच गावातला मानला जातो, त्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यांनी विठोबाशी भांडणे मांडली ती थेट विठोबाकडे, नाव घेऊन. तक्रार कुणाकडे करायची हे त्या गावाला तेराव्या शतकात ठाऊक होते. विसरायला लावले ते आपण.

पत्ता सुधारला, तरी मजकुराचे काय? ‘बऱ्याच दिवसांपासून’ म्हणजे किती? ‘नियमित नाही’ म्हणजे रोज उशिरा, की आठवड्यातून एकदा? ‘दूषित’ म्हणजे गढूळ, वास येणारे, की आळ्या पडलेले? आपल्याला हे प्रश्न कधी पडले नाहीत, कारण आपण गुणांसाठी जन्मलात. पण व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला नेमकी हीच उत्तरे लागतात.

सगळ्या गावाला पाणी नसेल, तर खोट विहिरीत, पंपात, विजेत किंवा टाकीत शोधावी लागते. एकाच गल्लीला नसेल, तर त्या गल्लीचा व्हॉल्व्ह किंवा फुटकी जलवाहिनी. गल्लीच्या सुरुवातीला धो-धो आणि शेवटच्या घरांना थेंब असेल, तर दाब कमी आहे, किंवा मधल्या कुणीतरी नळाला थेट मोटार लावली आहे. पहिली काही मिनिटे घाण आणि मग स्वच्छ पाणी येत असेल, तर जलवाहिनी बहुधा गटाराजवळ फुटली आहे. पुरवठा बंद असताना रिकाम्या नळीत बाहेरचे पाणी शिरते आणि पुढच्या वेळी तेच आधी घरात येते. ‘महिलांचे अतोनात हाल’ या एका वाक्यावरून यातले काय कळते? हाल खरेच असतात, पण त्यावरून कुठला पाना उचलायचा हे कळत नाही.

म्हणून आमच्या कल्पित गृहस्थाने आपल्याला बाजूला ठेवले आणि पंधरवडाभर वहीत नोंद केली. पंधरा लिटरची बादली भरायला तीन मिनिटे लागतात, हे घड्याळ लावून पाहिले. म्हणजे मिनिटाला पाच लिटर. पाणी दर चौथ्या दिवशी, चाळीस मिनिटे. म्हणजे एका खेपेला २०० लिटर. घरात पाच माणसे. चार दिवसांना दोनशे, म्हणजे दिवसाला पन्नास, म्हणजे माणशी दहा लिटर. आणि २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनचा मापदंड माणशी रोज ५५ लिटर. त्याने मग हे लिहिले:

«प्रति,
मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत, नरसी नामदेव, ता. व जि. हिंगोली.
अर्जदार: (नाव, घर क्रमांक, मोबाइल)
दिनांक: १७ मार्च
विषय: अमुक गल्लीतील अपुरा व दूषित पाणीपुरवठा सुरळीत करण्याबाबत.

महोदय,
आमच्या गल्लीत १ ते १६ मार्च या काळात २, ६, १० व १४ तारखेलाच पाणी आले. प्रत्येक वेळी सुमारे चाळीस मिनिटे. माझ्या पाच माणसांच्या घरात माणशी रोज सुमारे १० लिटर पाणी मिळाले. शेजारच्या गल्लीत एक दिवसाआड पाणी येते. सुरुवातीची पाच मिनिटे पाणी गढूळ व वासाचे असते. नोंदवहीची प्रत सोबत जोडली आहे.

तरी विनंती की,
१. या गल्लीचा व्हॉल्व्ह व गटाराजवळची जलवाहिनी तपासून दुरुस्त करावी.
२. पाण्याचे वेळापत्रक फलकावर लावावे.
३. जलसुरक्षकामार्फत आमच्या नळावर ओटी चाचणी करावी व पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.
४. केलेल्या कार्यवाहीची माहिती सात दिवसांत लेखी द्यावी.

आपला विश्वासू,
(सही व नाव, गल्लीतील इतरांच्या सह्या सोबत)
प्रत माहितीस्तव: मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, हिंगोली.»

पाहिलेत, महोदय? आपल्या त्या लाडक्या ‘योग्य त्या कारवाई’ची जागा चार कामांनी घेतली. कारवाई दोषी माणसावर करायची असते. व्हॉल्व्हबाबत करायची ती कार्यवाही. ओटी चाचणीत थेंबभर द्रावण टाकले की पाण्यात शिल्लक क्लोरीन आहे की नाही ते पिवळ्या रंगावरून दिसते. रंग आला नाही, तर टीसीएल पावडर एकतर टाकलेलीच नाही, किंवा घाणीने वाटेतच संपवली आहे. जंतू आहेत की नाहीत हे मात्र या चाचणीतून कळत नाही, म्हणून प्रयोगशाळेची विनंती वेगळी. आणि ‘समस्त गावकरी’ गेले. ते कधीच कार्यालयात येत नाहीत, त्यांना फोन लागत नाही आणि उत्तर पाठवायला त्यांना पत्ताही नसतो.

आपल्या शिकवणुकीतला शेवटचा खड्डा म्हणजे आपण सहीपाशी संपता. खरा अर्ज तिथून पुढे सुरू होतो. दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. त्याला पोच म्हणतात. पोच नसलेला अर्ज म्हणजे अर्जदाराची आठवण. पोच असेल, तर सात दिवसांनी स्मरणपत्रात ‘संदर्भ’ या ओळीत तो आवक क्रमांक लिहिता येतो. तरीही सामसूम असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली एकच प्रश्न विचारायचा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय केले? उत्तराला मुदत ३० दिवस.

या सगळ्याने पाणी येईलच, अशी हमी मी देत नाही. विहीरच आटली असेल, तर कितीही देखणा अर्ज तिला भरणार नाही. पण तसे असेल तर तसे लेखी कळेल, आणि टँकरची मागणी कोणत्या कागदावर करायची तेही.

शुद्धलेखन आम्ही सोडणार नाही. ‘दूषित’ नीटच लिहू, ‘की’ दीर्घच काढू. पण पत्ता, तारीख, माप, मागणी आणि पोच या पाच गोष्टी आधी तपासू आणि वेलांट्या त्यानंतर.

तरी आपण परीक्षेच्या पानावरच सुखाने राहावे आणि पाण्याच्या वाटेला जाऊ नये, ही नम्र विनंती. आणि वाचकहो, उद्या कुणी अर्ज तपासायला आणला, तर त्याची पहिली वेलांटी पाहण्याआधी त्याला विचारा: हे कार्यालय तुमच्या गावात आहे का?

आपला अविश्वासू,
एक माजी परीक्षार्थी