तिसऱ्या मुद्द्याचं काय झालं?

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातले एक निवृत्त गुरुजी आहेत. घरासमोरचा रस्ता डांबर सुकायच्या आत खोदला गेला, म्हणून त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. जोडपत्र 'अ', वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि खाली सुवाच्य अक्षरात पाच मुद्दे:

1. कामाच्या कार्यादेशाची प्रत.
2. ठेकेदाराला अदा केलेली रक्कम.
3. रस्त्याखालच्या नव्या जलवाहिनीची खोली.
4. रस्त्याचा दोष दायित्व कालावधी.
5. वर्षभरात आलेल्या तक्रारींची संख्या.

तिसाव्या दिवशी उत्तर आलं. मुदत कशी अगदी पाळलेली! पहिले दोन मुद्दे बिनचूक होते. पुढे मात्र लिहिलं होतं: "3. 36 महिने. 4. निरंक." म्हणजे जलवाहिनी 36 महिने खोल आणि रस्त्याची हमी शून्य. दुसरी गोष्ट गुरुजींना लगेच पटली.

यात कोणाचा कट नव्हता. जलवाहिनीची माहिती त्या कार्यालयात नव्हतीच. शहराच्या नव्या पाणीयोजनेचं काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. टंकलेखकाने तिसरी ओळ खोडली, संगणकाने आपणहून चौथीला तिसरी केलं आणि साहेबांनी सही केली. उत्तरं चार आली आहेत, हे मोजायला कोणाला सवड होती?

खरं तर ही ओळ खोडायची नसतेच. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल, तर कलम 6(3) प्रमाणे अर्जाचा तेवढाच भाग पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवायचा आणि अर्जदाराला तसं कळवायचं. म्हणून उत्तरात हवं होतं: "मुद्दा क्र. 3: ही माहिती या कार्यालयाकडे नाही. अर्जाचा हा भाग अमुक तारखेला, अमुक जावक क्रमांकाने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे वर्ग केला आहे." मग 36 महिने चौथ्यापुढे बसले असते आणि 'निरंक' पाचव्यापुढे. तक्रार एकही नाही, हेसुद्धा उत्तरच आहे. ते वाचून गुरुजी भडकले असते ते निदान योग्य कारणासाठी.

माहिती द्यायचीच नसेल, तरी क्रमांक गाळता येत नाही. कलम 7(8) प्रमाणे नकाराचं कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील द्यावा लागतो. नोंदच ठेवलेली नसेल, तर "अभिलेखावर उपलब्ध नाही" असं लिहावं लागतं. तिथे 'निरंक' लिहिलं तर तक्रारवही नसणं आणि तक्रार नसणं यांची गल्लत होते.

गुरुजींनी तीस दिवसांच्या आत पहिलं अपील केलं. सुनावणीत साहेबांनी चष्मा लावून कागद पाहिला.

"तिसऱ्याचं उत्तर दिलंय की हो, गुरुजी. 36 महिने."

"साहेब, मी खोली विचारली होती."

साहेबांनी अर्ज डावीकडे आणि उत्तर उजवीकडे ठेवलं. एकेका ओळीवर बोट फिरवत ते पाचपर्यंत गेले. दुसरं बोट चारवरच थांबलं होतं. मग त्यांनी टंकलेखकाला हाक मारली.