पावतीवाले गुरुजी

मोझरीत आमच्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या गुरुजींना पत्र लिहायला अंतर लागत नाही. घरमालक काकाजींचा ओटा त्यांच्या दारापासून पंधरा पावलांवर. रोज दोघं मिळून आश्रमात सायंप्रार्थनेला जातात, परतताना सोयाबीनच्या भावावर बोलतात. तरीही काही मागायचं असलं, की गुरुजी फुलस्केप कागद घेतात, समास आखतात आणि 'विषय' लिहून त्याच्याखाली दोन रेघा ओढतात. मागे नळाची तोटी गळत होती तेव्हा त्यांनी सोबत 'संदर्भ : आपले व माझे तोंडी बोलणे' असंही लिहिलं होतं.

यंदाचा विषय होता भाड्याची पावती. भाडं महिना सहा हजार, रोख. जून महिन्यात बियाणं-खताची निकड होती, म्हणून काकाजींनी जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिन्यांचे अठरा हजार एकदम घेतले. पावती मागितली तर रात्री मोबाइलवर फोटो आला. डायरीचं पान, त्यावर 'गुरुजीकडून भाडे मिळाले', खाली एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आणि तिकिटावरून आडवी ऐटबाज सही. रक्कम नाही, महिना नाही.

आठवडाभर गुरुजी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहत होते. रोख पाच हजारांच्या वर घेतले तर पावतीला तिकीट लागतं. म्हणजे तिकिटावरून एवढंच कळत होतं, की पाच हजारांच्या वर काहीतरी दिलंय! फेब्रुवारीत आयकराचं विवरण करताना शाळेच्या लिपिकानं तो फोटो एकाच महिन्याचा धरला. जुन्या करप्रणालीतली घरभाड्याची सवलत प्रत्यक्ष भरलेल्या भाड्यावर मोजतात. बारा हजार तिथंच गळाले.

पण गुरुजींची खरी झोप न लिहिलेल्या महिन्यानं उडवली. देणाऱ्यानं पैसे कशापोटी दिले ते सांगितलं नाही आणि परिस्थितीवरूनही ते कळलं नाही, तर घेणारा ते आपल्या कोणत्याही येण्यात वळते करू शकतो, असं करार कायद्याचं साठावं कलम म्हणतं. काकाजी तसं करणार नाहीत, हे गुरुजींना माहीत होतं. 'पण काकाजींचा नातू पुण्याला एमबीए करतो,' ते मला हळूच म्हणाले.

पत्र तीनदा लिहिलं गेलं. पहिल्या खर्ड्यात भाडे नियंत्रण कायदा, 1999 होता. कलम 26 प्रमाणे पावती न देणाऱ्या मालकाला दर दिवशी शंभर रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मग त्यांना आठवलं, की हा कायदा परिशिष्टात नावं असलेल्या गावांनाच लागू होतो, आणि शिवाय सकाळचा चहा काकूंच्या हातचा असतो. परिच्छेद गेला. शेवटचं पत्र असं :

'आदरणीय काकाजी, जयगुरू. आपण पाठविलेल्या छायाचित्रात आपला अंगठा व मागील खताच्या दुकानाचे कॅलेंडर सुस्पष्ट आहे. रक्कम व कालावधी मात्र आढळला नाही. तरी कागदावर पुढील मजकुराची पावती मिळावी : भाडेकरूचे नाव, घराचा पत्ता, रुपये 18,000, अक्षरी अठरा हजार फक्त, 1 जून ते 31 ऑगस्टचे भाडे, रोख मिळाले, तारीख, तिकिटावर सही. विजेचे पैसे यात नाहीत, असे लिहावे. वर्षाचे भाडे 72,000 होते. ते एक लाखाच्या आत असल्याने सवलतीसाठी आपला पॅन क्रमांक द्यावा लागत नाही, ही चिंता नसावी.'

शेवटची ओळ गुरुजींच्या मते पत्राचा प्राण होती. आकडा लिहायला काकाजींचा हात तिथंच अडत होता.

काकाजींनी ओट्यावर बसून पत्र दोनदा वाचलं. 'गुर्जी, मी काय तुमाले परका हाय? तोंडानं मागतलं असतं त देली नसती काय मी पावती?'

'तोंडानंच मागितली होती, काकाजी.'

'मंग देली ना!'

'त्यात आकडा नाही.'

'आकडा तुमाले बी माहीत हाय, मले बी माहीत हाय. लिवाचा कायले?'

'तिसऱ्याला माहीत नाही, म्हणून.'

'कोन तिसरा, बाप्पा?' काकाजींनी वाड्यात पाहिलं. मी होतो. मी आत गेलो.

अखेर ठरलं, की गुरुजी सांगतील आणि काकाजी लिहितील. पावती घेणाऱ्यानं स्वतः लिहून नुसती सही घेतली, तर उद्या 'वाचलीच नव्हती' म्हणता येतं, असं गुरुजींचं मत. झालं, श्रुतलेखन सुरू झालं. 'ऑगष्ट' खोडून 'ऑगस्ट' झाला, तेव्हा गुरुजी म्हणाले, 'खाडाखोड चालत नाही. नवीन कागद घ्या.' तिसऱ्या कागदावर पावती उतरली, तिकीट चिकटलं, सही झाली.

काकाजींनी पेनाला टोपण लावलं. 'आता एवढा लंबा कागद तुमाले देल्ला, त्याची मले पावती द्या.'

गुरुजींनी सदऱ्याच्या खिशातून ती काढली. कालच लिहून ठेवली होती, कार्बन प्रतीसह.