झूल लय झकास

मुकुटबनच्या चौकात सकाळी चहाच्या टपरीवर एक माणूस हमखास सापडतो. आपण त्याला कौतुकराव म्हणू. गावात त्याला वेगळं नाव आहे, ते छापण्यासारखं नाही. नाव खोटं असलं तरी माणूस खरा आहे आणि प्रत्येक गावात निदान एक तरी असतो. मुकुटबनला एकाहून अधिक असावेत. एका बाजूला वणी, दुसऱ्या बाजूला तेलंगणाची हद्द, वर सिमेंटचा कारखाना, त्यामुळे नवे लोक, नव्या गाड्या, नवी घरं, म्हणजे कौतुकाला विषय भरपूर.

कौतुकराव कोणाला शिवी देत नाहीत. उभ्या आयुष्यात दिली नसावी. ते फक्त चांगलं बोलतात आणि ऐकणारा घरी जाऊन जेवत नाही.

शेजारच्या पोराला कारखान्यात नोकरी लागली. कौतुकराव पेढा खात म्हणाले, "वहिनी, लय चांगलं झालं. आमाले तं वाटलं होतं... जाऊ द्या." बस, एवढंच. आता 'जाऊ द्या'च्या पोटात काय आहे, याचा शोध ती माउली रात्रभर घेणार. वाक्य अर्धं सोडायचं, म्हणजे उरलेलं समोरचाच पूर्ण करतो. आणि स्वतःच्या पोराविषयी आई जे भयंकर पूर्ण करू शकते, ते कौतुकरावांना सुचलंही नसतं.

शाळेत आपण व्याजस्तुती अलंकार शिकलो. वरून स्तुती, आतून निंदा. मास्तर उदाहरण फळ्यावर लिहीत, आपण पाठ करत असू आणि दोन मार्क मिळत. परीक्षेत अर्थ ओळखणं सोपं होतं, कारण प्रश्नातच अलंकार ओळखा असं लिहिलेलं असे. चौकात तसं कोणी लिहीत नाही.

तिथे विशेषणांकडे पाहून काही कळत नाही. 'छान', 'झकास', 'मस्त' हे शब्द स्वच्छ धुतलेले असतात. माल असतो शेजारच्या फुटकळ शब्दांत. "तुमच्या मानानं भाषण बरं झालं." यात भाषण कसं झालं ते राहू द्या, तुमचं मान किती ते ठरवून झालं. "आता तुमीही बोलाले लागले." हा 'ही' गावातल्या सगळ्या वक्त्यांना आधी रांगेत उभं करतो आणि तुम्हाला शेवटी. "भाजी झाली तरी चांगली." हा 'तरी' सांगतो की न होण्याची पूर्ण तयारी ठेवली होती. कापूस खरेदी केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि बाराच्या वर गेला की माल परत पाठवतात. कौतुकराव आपली स्तुती नेमकी अकरावर ठेवतात. वजन भरतं, मालही परत करता येत नाही.

हार्वर्डमध्ये ओवुल सेझर, ॲलिसन वुड ब्रूक्स आणि मायकेल नॉर्टन या तिघांनी अशाच टोमणेवजा स्तुतीचा अभ्यास केला. तुलना घुसवलेली स्तुती, म्हणजे अपेक्षेच्या मानाने, मागच्याच्या मानाने, तुमच्यासारख्यांच्या मानाने. देणाऱ्याला वाटतं की यात आपण प्रेमळही दिसू आणि वरचढही. घेणाऱ्याला तो दोन्ही वाटत नाही. हे मी टपरीवर सांगितलं. कौतुकरावांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अमेरिकेत राहून बरंच समजलं त्याईले."

पण त्यांची खरी कला पाहायची तर पोळ्याला. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून झालेले असतात. पोळ्याला शिंगं रंगवून, बेगड लावून, माथोटी बांधून जोड्या तोरणाखाली येतात आणि झडत्या सुरू होतात. झडतीत एकमेकांची, पुढाऱ्यांची, सरकारची उघड खरडपट्टी निघते आणि कोणी रागावत नाही, कारण तो रिवाज आहे. कौतुकरावांना झडती आवडत नाही. तिच्यात टोमणा उघडा पडतो, असं त्यांचं मत.

एका वर्षी एक शेतकरी भाऊ नवीन भरतकामाची झूल घालून जोडी घेऊन आला. कौतुकराव दहा माणसांत उभे होते. मोठ्याने म्हणाले, "वा भाऊ! झूल लय झकास. बैल दिसूच देत नाही."

आता हे वाक्य सोडवू. पहिली गोष्ट, पोळा बैलाचा आहे आणि तारीफ कापडाची झाली. ज्याची तारीफ व्हायला हवी ते बाजूला टाकून भलत्याची झाली, की समजायचं, बाजूला टाकलेल्यातच काही आहे. दुसरी, 'दिसूच देत नाही'. म्हणजे दिसलं असतं तर काय दिसलं असतं? बरगड्या. तिसरी आणि मोठी, दहा माणसं. घरी येऊन एकट्याला "झूल चांगली आहे" म्हटलं असतं तर ती झुलीचीच तारीफ होती. खरं कौतुक एकट्यातही चालतं. या जातीच्या कौतुकाला मात्र बाजूला कोणी हसणारा लागतो. म्हणून शंका आली की बोलणाऱ्याचे डोळे पाहा. बोलून झाल्यावर ते तुमच्याकडे असतात की प्रेक्षकांकडे?

आणि सापळाही बघा. भाऊ चिडला असता, तर कौतुकरावांनी छातीवर हात ठेवून म्हटलं असतं, "म्या तं झुलीची तारीफ केली बाप्पा! बैलाचं कोण बोललं?" म्हणजे बरगड्यांचा विषय बैलवाल्यानेच काढला. चिडणं म्हणजे कबुली. गप्प बसणंही कबुलीच.

गंमत म्हणजे हाच माणूस खरं कौतुक करतो तेव्हा त्याला एकही गोड शब्द सापडत नाही. कोणाचा कापूस चांगला आला तर तो धुऱ्यावर उभा राहून खेकसतो, "कायले पिकवलं बे एवढं? ठेवतो कुठं?" आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "बेणं कोणतं?" हा प्रश्न नीट ओळखावा. मनापासून आवडलेल्या गोष्टीचा माणूस पत्ता विचारतो, भाव विचारतो, दुकान विचारतो. टोमण्याला भावाशी कर्तव्य नसतं. अर्थात, "कितीले पडलं?" हा प्रश्न चारचौघांत आणि मोठ्या आवाजात आला, तर तो पुन्हा टोमणाच असू शकतो, एवढं सोडून.

तर तो झूलवाला भाऊ. तो चिडला नाही, गप्पही बसला नाही. कासरा दुसऱ्या हातात घेतला आणि तितक्याच मोठ्याने म्हणाला, "आवडली का काका? घेऊन जा मंग पोळा फुटल्यावर. तुमच्या गोठ्यात बैल नाही, झूल तं राहीन."

कौतुकरावांनी दोन वर्षांपूर्वी जोडी विकून ट्रॅक्टरवाल्याकडून भाड्याने नांगरणी सुरू केली होती, हे दहाही जणांना ठाऊक होतं. ते सगळे हसले. कौतुकरावही हसले, जरा उशिरा.

पोळा फुटला. बोजारा वाटणं सुरू झालं. गर्दी पांगल्यावर कौतुकराव त्या जोडीजवळ गेले, झुलीची कड बोटांत धरून पाहिली आणि हळूच विचारलं, "वणीतून आणली का? कितीले पडली?"